शीर्षकात देव असावा, दवाखाना नको

प्रश्न : आमचं कळव्याचं भजनी मंडळ आहे. 'भीमरूपी'चा व्हिडिओ टाकला आणि शीर्षक दिलं, 'रोज ११ वेळा ऐका, ११ दिवसांत बीपी-शुगर उतरेल'. व्ह्यूज आले, पण यूट्यूबनं पिवळं चिन्ह लावलं. व्हिडिओत नुसतं स्तोत्र आहे हो! मग बिघडलं कुठे?

स्तोत्रावर कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती तुम्ही वर चिकटवलेल्या ओळीवर. पिवळं चिन्ह म्हणजे या व्हिडिओवर जाहिराती कमी येतील किंवा येणारच नाहीत. ते ठरवताना चित्र आणि आवाज यांच्याबरोबर शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि टॅगही तपासले जातात. गायन कितीही सात्त्विक असलं तरी शीर्षकानं त्याची औषधाची बाटली केली की व्हिडिओ औषधाच्या नियमांनीच तोलला जातो.

दावा ओळखायची माझी पद्धत साधी आहे. वाक्यात तीन गोष्टी शोधा : काय करायचं, कोणता आजार आणि त्याचं काय होणार. तिन्ही एकत्र आल्या की तो दावा झाला. तुम्ही तर चौथी गोष्टही घातलीत, मुदत. 'अकरा दिवसांत' हे शब्द आले की मशीनला काय आणि माणसाला काय, वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचा व्हिडिओ मी उघडून पाहिला. थंबनेलवर मारुतीरायांच्या शेजारी साखर मोजायचं यंत्र आहे, त्यावर तीनशेचा आकडा आणि खाली जाणारा लाल बाण. म्हणजे शीर्षक बदललं आणि थंबनेल तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही. यंत्र काढा, बाण काढा, मूर्ती आणि स्तोत्राचं नाव पुरे. शीर्षक असं करता येईल : 'भीमरूपी महारुद्रा | मारुती स्तोत्र | ११ आवर्तने, संथ चालीत, शब्दांसह'. अकराचा आकडा मी मुद्दाम ठेवला आहे. अकरा आवर्तनं व्हिडिओत आहेत, ऐकणारा ती मोजून घेऊ शकतो. अकरा दिवसांत काय होईल हे मात्र तुम्हीही दाखवू शकत नाही आणि मीही. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा असते, त्यात हे आरामात बसतं.

वर्णनातलं पहिलं वाक्य सगळ्यात घातक आहे : 'गोळ्यांना कंटाळलात? एकदा हे करून पाहा.' यात आजाराचं नावही नाही, तरी ऐकणारा गोळ्या बंद करण्याकडे झुकतो. पिवळं चिन्ह हा नुसता पैशांचा प्रश्न असतो. औषधोपचाराऐवजी पाठ करा असं सुचवलं तर मामला वैद्यकीय दिशाभुलीच्या धोरणात जातो, तिथे व्हिडिओ काढला जाऊ शकतो आणि चॅनेलवर स्ट्राइक येऊ शकतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जातं. त्या वाक्याच्या जागी कोण गायलं, पखवाजावर कोण होतं, कुठे ध्वनिमुद्रण झालं, चाल कोणत्या परंपरेची, हे लिहा. भजनाच्या श्रोत्याला तेच हवं असतं, आणि शोधातही ते शब्द उपयोगी पडतात.

आता टॅग. तुमच्या यादीत 'मधुमेह उपाय', 'शुगर क्युअर मंत्र', 'बीपी कायमचा बंद' असे टॅग आहेत. ते पडद्यावर दिसत नाहीत म्हणून बरेच जण तिथे काहीही कोंबतात. पण टॅग हा मेटाडेटाच आहे, आणि व्हिडिओत नसलेली गोष्ट टॅगमध्ये लिहिणं हीच मुळात दिशाभूल. शिवाय यूट्यूब स्वतः सांगतं की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो. इतक्या थोड्या फायद्यासाठी एवढी जोखीम कशाला? 'मारुती स्तोत्र', 'भीमरूपी', 'समर्थ रामदास', 'मराठी स्तोत्र' एवढं बास. चॅप्टरची नावं, प्लेलिस्टचं नाव आणि वर पिन केलेली कमेंटही पाहून घ्या. तुमच्या पिन कमेंटमध्ये 'शुगर उतरली त्यांनी जय श्रीराम लिहा' असं आहे. ते आधी काढा.

हे सगळं उरकल्यावरच फेरतपासणीची विनंती करा. अर्धवट दुरुस्ती करून घाईनं विनंती केली आणि तपासणाऱ्यानं नाही म्हटलं, की तोच निर्णय कायम राहतो.

प्रश्न : पण स्तोत्रातच रोग जातात असं लिहिलंय! मी ऐरोलीहून सबटायटलचं काम करते. फलश्रुतीचा भाग गाळू का?

गाळू नका. 'भूतप्रेतसमंधादि रोगव्याधी समस्तही' ही समर्थांची ओळ आहे. गायक ती म्हणतोय, तुम्ही ती लिहून देताय. जे उच्चारलं ते जसंच्या तसं उतरवणं हेच सबटायटलचं काम, आणि सतराव्या शतकातलं स्तोत्र हे कुणाच्या दुकानाची जाहिरात होत नाही.

घोटाळा होतो तो पुढे. त्या ओळीखाली कंसात कुणीतरी 'रोगमुक्तीसाठी ही ओळ २१ वेळा म्हणा' असं घालतं. ते समर्थांनी म्हटलेलं नाही, गायकानं म्हटलेलं नाही, चॅनेलनं म्हटलंय. किंवा बाकीचं स्तोत्र पांढऱ्या अक्षरात आणि फक्त 'रोगव्याधी' पिवळ्या, मोठ्या अक्षरात. मग ओळ तीच असली तरी बोलणारा बदलला. भाषांतरातही जपा. 'रोगव्याधी' म्हणजे रोगव्याधीच. तिथे 'डायबिटीस' किंवा 'कॅन्सर' लिहिलंत तर मूळ ओळीत नसलेला आजार तुम्ही आत आणलात. आणि फलश्रुतीची ओळ उचलून शीर्षक करू नका. स्तोत्रात ती शेवटी येते, पाठ केलेल्याला. शीर्षकात ती आधी येते, गिऱ्हाइकाला.

प्रश्न : नेरूळला आमच्या मठात एका मावशींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, 'डॉक्टरांनी हात टेकले होते, महाराजांच्या अंगाऱ्यानं गाठ विरघळली.' त्या खरंच बोलतायत. खाली 'हे वैयक्तिक मत आहे' असं टाकलं तर चालेल ना?

मावशींच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी एक अनुभव सांगितला आणि तुम्ही त्याची क्लिप कापून 'अंगाऱ्यानं कॅन्सरची गाठ गायब' असं वर लावलंत, तर ती साक्ष राहत नाही. गाठ कसली होती, रिपोर्ट काय होता, उपचार चालू होते की नव्हते, हे बघणाऱ्याला कळतच नाही. त्याच्या घरातही कुणाला तरी गाठ असते.

'वैयक्तिक मत' ही पाटी इथे कामाची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट आहे की डिस्क्लेमरनं दावा उलगडून सांगता येतो, पण दाव्याच्या उलट बोलता येत नाही. शिवाय दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमरही त्याच भाषेत हवा. मराठीत 'गाठ गेली' आणि तळाला बारीक इंग्रजीत हात झटकायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा खेळ त्यात बसत नाही. तुमचा व्हिडिओ जाहिरात आहे का, असं तुम्ही विचाराल. वर्णनात देणगीचा क्यूआर आणि 'महाराजांच्या भेटीसाठी संपर्क' असा नंबर आहे, तेव्हा नाही म्हणणं अवघड जाईल.

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज हा १९५४ चा कायदाही माहीत असू द्या. मंत्र, ताईत, कवच आणि तसलंच काहीही, ज्याच्यात आजार बरा करण्याची चमत्कारी शक्ती असल्याचं सांगितलं जातं, ते त्यात 'मॅजिक रेमेडी' ठरतं. सोबतच्या यादीत कॅन्सर, मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायू, स्त्रियांचं वंध्यत्व ही नावं आहेत. मॅजिक रेमेडीचं कलम असे उपाय देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांवर आहे, श्रद्धेनं बोलणाऱ्या मावशींवर नाही. म्हणूनच मठ, नंबर आणि अंगारा एकाच पानावर आले की जपायचं.

मुलाखत ठेवायची असेल तर मावशींची परवानगी घेऊन आजाराचा आणि अंगाऱ्याचा भाग कापा. त्या काळात मठात बसून धीर कसा आला, कोण सोबत होतं, हे त्या फार छान सांगतात. शीर्षक : 'आजारपणातली माझी सेवा | एका भाविकेचं मनोगत'. वर्णनात 'उपचार डॉक्टरांकडेच घ्या' ही ओळ घाला, पण कापलेला भाग ठेवून फक्त ही ओळ घातली तर फसवणूक तशीच राहते.

प्रश्न : वाशीतला एक जण सिद्ध यंत्राचं लॉकेट प्रायोजित करायला तयार आहे. व्हिडिओत मी आरतीच म्हणणार, फक्त वर्णनात लिंक आणि 'संकटं, आजार दूर करणारं' एवढं लिहायचं. घेऊ का?

या शब्दांसह अजिबात घेऊ नका. टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिराती चालत. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की देवाच्या नावानं वस्तू विकताना तिच्यात अलौकिक शक्ती असल्याचा दावा करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. तुमचं वाक्य त्याच साच्यातलं आहे, पडदा तेवढा लहान.

ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीचा दंड शिफारस करणाऱ्यालाही होतो. तो दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. लॉकेट विकणारा उद्या नंबर बदलेल, चेहरा तुमचाच राहील. पितळेचं लॉकेट, अमुक मापाचं, अमुक किमतीचं, एवढंच लिहायला तो तयार असेल तर बोला. मग यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीची खूण करा आणि 'जाहिरात' हा शब्द सुरुवातीलाच दिसू द्या. बहुधा तो तयार होणार नाही, कारण त्याला पितळ विकायचंच नाही.

आणखी एक. फेसबुकवर पैसे भरून पोस्ट पुढे ढकलताना 'तुम्हाला मधुमेह आहे का?' असा थेट प्रश्न टाकू नका. बघणाऱ्याचा आजार किंवा धर्म गृहीत धरणारी जाहिरात मेटा नाकारतं, मग वस्तू कोणतीही असो.

प्रश्न : घणसोलीच्या जत्रेच्या व्हिडिओला 'नवसाला पावणारी', 'जागृत देवस्थान' लिहिलं तर चालेल का?

चालेल. गावानं देवीला दिलेली ती बिरुदं आहेत, त्यात ना आजार ना मुदत. 'मूल होण्यासाठी इथे नवस बोला' झालं की थांबा.

प्रश्न : ठाण्यात आमची कीर्तनमाला असते. रेड्यानं वेद म्हटले, भिंत चालली, हे थंबनेलवर लिहायचं नाही म्हणजे कीर्तनच बंद करायचं?

कुणी सांगितलं? २०१३ च्या कायद्यातच कीर्तन, प्रवचन, भजन वगळलेलं आहे, आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला, त्यांचा प्रचार करायलाही मुभा आहे. तेव्हा 'ज्ञानोबांनी भिंत चालवली' खुशाल लिहा. त्याच कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसा मिळवणं आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणं हे गुन्हे आहेत. त्यामुळे व्यासपीठावरच्या हयात बुवांनी हवेतून अंगारा काढला असं थंबनेलवर दाखवून खाली देणगीचा क्यूआर लावणार असाल, तर तो व्हिडिओ चढवू नका.