ग्रुपवरची कुरकुर आणि प्रिंटरची तक्रार

ऑफिसचा प्रिंटर बिघडल्यावर ग्रुपवर आलेले चाळीस मेसेज तसेच्या तसे मेंटेनन्सला पाठवू नकोस. त्यातून आधी निरीक्षणं वेचून काढ. ‘अकाउंट्सवाल्यांनीच वाट लावली’ हा राग झाला, तो गाळ. ‘माझे दोन कागद अडकले’ ही माहिती आहे. लिहिणाऱ्याला लगेच विचार: एका बाजूला छापत होतास की दोन्ही? कागद कुठल्या ट्रेमधला? पडद्यावर कोणता एरर कोड होता?

समज, उत्तरं जुळवल्यावर दिसलं की ट्रे २ मधूनच कागद अडकतो, ट्रे १ नीट चालतो. मग संशय ट्रे २ च्या कागद ओढणाऱ्या रोलरवर जातो. पण विनंतीत ‘रोलर बदला’ असं लिहू नकोस, निदान तंत्रज्ञाला करू दे. मजकूर एवढाच:

‘विषय: दुसरा मजला, प्रिंटर – ट्रे २ मध्ये कागद अडकतो. सोमवारपासून, दहापैकी साधारण चार वेळा. ट्रे १ सुरळीत. कागद बदलून पाहिला, फरक नाही. मॉडेल व मालमत्ता क्रमांक फोटोत. तूर्त ट्रे १ वापरतो आहोत. दुरुस्तीसाठी दुपारी तीननंतर यावे.’

‘अर्जंट’ लिहायचा मोह होईल. ट्रे १ चालू असताना तो शब्द खर्च करू नकोस.