पहिल्या भेटीनंतर पुन्हा भेटावं का? तीन टॅरो पत्त्यांचा अर्थ

प्रश्न: दादरला घरच्यांसोबत पाहण्याचा कार्यक्रम झाला. पुन्हा भेटू का? झालेली भेट: टू ऑफ कप्स उलटा. माझं मन: फोर ऑफ कप्स. पुढची भेट: पेज ऑफ पेंटॅकल्स.

उत्तर: हो, एकदा भेटा, पण दोघंच. टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर पेले धरून उभे असतात. झालेल्या भेटीच्या जागी तो उलटा आला, म्हणजे देवाणघेवाण अडली. मोठ्यांनी भरलेल्या खोलीत हे होतंच, त्याला लगेच नकार समजू नका. निर्णायक पत्ता मधला आहे, फोर ऑफ कप्स. १९०९ च्या रायडर-वेट संचात झाडाखालचा तरुण हाताची घडी घालून समोरच्या तीन पेल्यांकडे बघत बसलाय, ढगातून पुढे आलेला चौथा त्याला दिसतच नाही. स्थळं बघून आलेला कंटाळा तो हाच. पुढच्या भेटीच्या जागी आलेला पेज हातातलं नाणं निरखतोय. तेव्हा शिवाजी पार्कला तासभर फिरा आणि नोकरी, घर, आईवडिलांची जबाबदारी नेमकी विचारा. मात्र कुठला पत्ता कशासाठी हे पत्ते काढण्याआधी ठरवलं नसेल, किंवा मनासारखं येईपर्यंत पुन्हा काढले असतील, तर हे वाचन धरू नका. आणि भेटीत काही खटकलं असेल, भीती वाटली असेल, तर पत्ते बाजूला ठेवून सरळ नाही कळवा.