ड्रायआऊटला 'आटणं' नको, 'कोरड' म्हणा

प्रश्न: उभ्या तापवलेल्या नळीत पाणी वर चढता चढता उकळतं, त्यावर मराठीत लिहितेय. ड्रायआऊटला मी 'शुष्कन' लिहिलं, मैत्रीण म्हणते 'आटणे' लिही. बरोबर कुठलं? आणि तिथे भिंतीचं तापमान एकदम उडी का मारतं हे मला नीट कळलेलं नाही, ते कळलं तर शब्दही सुचेल असं वाटतं.

उत्तर:

शेवटचं वाक्य अगदी खरंय, कारण इथे शब्द चुकला की समजच चुकते. 'आटणे' लिहिलंत की वाचणाऱ्याला वाटणार की नळीतलं पाणी संपलं. विहीर आटते, दूध आटवतो, म्हणजे आटतं ते भांड्यातलं द्रव. ड्रायआऊटला द्रव संपलेलं नसतं, बऱ्यापैकी शिल्लक असतं, फक्त ते भिंतीला लागत नाही. 'शुष्कन' वाचलं की मला दुधाची पावडर करायचा कारखाना डोळ्यापुढे येतो, म्हणजे ओल्या मालातलं पाणी काढून टाकणं. तेही नाही.

आता नळी बघू, आकडे घेऊनच बघू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आतला व्यास १० मिलिमीटर, दाब ७० बार, बाहेरून सगळीकडे सारखी उष्णता, दर चौरस मीटरला ५०० किलोवॅट. पाणी खालून २४५ अंशांना शिरतंय, सेकंदाला साधारण ७८ ग्रॅम. ७० बारला पाणी २८६ अंशांना उकळतं, म्हणजे अजून ४१ अंश चढायचेत आणि त्यात जवळपास पहिला मीटर जातो. हा मीटर म्हणजे नुसतं गरम होणं, पाणी जसं तापेल तशी भिंत तापते, पाण्यापेक्षा थोडी वर राहून. पण या मीटरच्या शेवटी शेवटी एक गंमत होते, मधलं पाणी अजून २८६ ला पोचलेलं नसतं तरी भिंत त्याच्या वर गेलेली असते आणि भिंतीवर बुडबुडे फुटायला लागतात, मधल्या गार पाण्यात गेले की विरतात. चहाचं आधण यायच्या आधी पातेलं सूं करतं ना, तळाला बुडबुडे येतात पण वर काही नाही, तेच. याला सबकूल्ड बॉयलिंग म्हणतात, मी तरी मराठीत 'उकळीआधीची उकळ' असं लिहून पुढे जाईन, 'अवशीतित क्वथन' वगैरे वाचवत नाही.

एक मीटरनंतर सगळंच पाणी २८६ अंशांचं झालं. आता दिलेली उष्णता तापमान वाढवत नाही, सगळी वाफ करण्यात जाते. या दाबाला एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण १५०० किलोज्यूल लागतात, त्यामुळे आपल्या नळीत दर मीटरला वजनाने १३ टक्क्यांच्या आसपास पाणी वाफ होत जातं. पहिल्यांदा सुटे बुडबुडे, मग ते एकमेकांत मिसळून लांबट मोठे होतात (हा स्लग प्रवाह, इथे स्लगचा गोगलगायीशी काही संबंध नाही, भाषांतरात असले अपघात होतात म्हणून सांगून ठेवतो), मग सगळं अस्ताव्यस्त, वरखाली, त्याला इंग्रजीत चर्न म्हणतात आणि आपल्याकडे त्यासाठी 'घुसळण' हा तयार शब्द आहे, ताक घुसळणाऱ्या घरातला. तो वापरा, लाजू नका.

हे सगळं पटकन उरकतं. कारण वाफ खूप जागा खाते. वजनाने १० टक्केच वाफ झाली असेल तेव्हा नळीतली साठ-सत्तर टक्के जागा तिचीच झालेली असते. मग पाण्याला मधे जागाच उरत नाही, ते भिंतीला चिकटून पातळ थर होतं आणि मधून वाफ धावते, त्या वाफेत पाण्याचे बारीक थेंब. हा ॲन्युलर प्रवाह. याला मात्र 'कंकणाकृती' बिनधास्त लिहा, ग्रहणामुळे शब्द सगळ्यांच्या कानावर आहे आणि चित्रही बरोबर तेच, बाहेर पाण्याचं कडं, आत मोकळं. नळीची बाकीची बहुतेक लांबी या कंकणातच जाते आणि आपला शब्द इथेच ठरतो.

कंकणाचा हिशोब घरखर्चासारखा आहे. थरातून पाणी दोन वाटांनी जातं, एक म्हणजे बाष्पीभवन, आपल्या उष्णतेला दर चौरस मीटरमागे सेकंदाला पाव किलोपेक्षा जास्तच, तीनशे-तेहतीस ग्रॅम. दुसरं, वरून धावणारी वाफ थराच्या लाटांची टोकं फाडून थेंब उचलून नेते. आणि येतं एकाच वाटेने, वाफेतले थेंब परत भिंतीवर आपटतात. जमा कमी, खर्च जास्त, त्यामुळे वर जाल तसा थर पातळ होत जातो. पण गंमत बघा, भिंत मात्र खूश असते. थर जितका पातळ तितकी उष्णता त्यातून पटकन पलीकडे जाते, म्हणून या भागात भिंत उकळबिंदूच्या फक्त सात-आठ अंश वर असते आणि उलट किंचित उतरत जाते. म्हणजे आलेखात संकटाच्या अगदी आधीचा भाग सगळ्यात शांत दिसतो. हे नव्या माणसाला फार फसवतं.

मग एका उंचीला थर संपतो. आपल्या नळीत तो वजनाने ८० टक्के वाफ झाल्यावर संपला असं धरू (नेमकी जागा दाब, प्रवाह, व्यास, उष्णता सगळ्यावर ठरते, ती प्रयोगाच्या तक्त्यांवरून काढतात), म्हणजे एक मीटर तापायचा आणि सहा मीटर उकळायचे, सातव्या मीटरजवळ. आणि लक्षात घ्या, २० टक्के पाणी अजून नळीत आहे! सगळं थेंबांच्या रूपात, सेकंदाला वीसएक मीटर वेगाने धावणाऱ्या वाफेत तरंगतंय. थेंब भिंतीवर येतच नाहीत असं नाही, पण जितके येतात त्यापेक्षा जास्त पाणी उडवून लावण्याइतकी उष्णता भिंतीत आहे, म्हणून थर परत उभा राहत नाही.

आता उडीचं कारण. उष्णता बाहेरून येतेच आहे, ५०० किलोवॅट, तिला भिंत कोरडी झाली याच्याशी देणंघेणं नाही. आधी ती पाण्याच्या थरात जात होती, तो सात अंशांच्या फरकावर ती सगळी उचलत होता. आता भिंतीला लागून फक्त वाफ. वाफेची उष्णता उचलायची ताकद त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणून तेवढीच उष्णता पलीकडे ढकलायला भिंतीला शंभरेक अंशांचा फरक लागतो. म्हणजे २९३ अंशांवरची भिंत काही सेंटिमीटरमधे ३८० च्या पुढे जाते. उष्णता दुप्पट धरली तर थर आधी संपतो आणि उडी दोनशेच्या घरात. आणि भिंत एकदा एवढी तापली की थेंब तिला भिजवतही नाहीत, कडक तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की मोती होऊन नाचतं तसे ते वाफेच्या गादीवरून घसरून जातात. १७५६ साली लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने हे नीट लिहून ठेवलं, आमच्या आजीला मात्र घावनाचा तवा तापलाय का हे बघायला ते आधीपासून माहीत होतं.

पुढे फक्त थेंबांचं धुकं. इथे वाफ २८६ च्या वर तापते आणि थेंब २८६ लाच राहतात, दोघांचं तापमान वेगळं. म्हणून हिशोबाने साडेआठ मीटरला सगळी वाफ व्हायला हवी तरी थेंब त्याच्याही पुढे सापडतात.

आता एक अट, जी लेखात सहसा निसटते. उडी तेव्हाच, जेव्हा उष्णता ठरलेली असते, विजेने तापवलेली नळी, भट्टीतली बॉयलर ट्यूब, अणुभट्टी. नळी बाहेरून दुसऱ्या वाफेने किंवा हवेने तापत असेल तर भिंत त्या वाफेच्या किंवा हवेच्या वर जाऊच शकत नाही, मग तापमान थोडंसं चढून उष्णताच कमी जाते. एसीच्या कॉईलमधे ड्रायआऊट रोज होतो, कोणाचं काही जळत नाही, फक्त तो भाग कमी काम करतो.

मी एकदा विजेने तापवलेल्या स्टीलच्या नळीवर काम करत होतो, बाहेरून वर-खाली थर्मोकपल लावलेले. वीज थोडी थोडी वाढवत न्यायची. सगळ्यात वरच्या थर्मोकपलचा काटा आधी चार-पाच अंश वरखाली थरथरायला लागला, मला वाटलं वायर सैल आहे, मी वायर दाबत बसलो. तोवर तो भसकन चढला आणि ट्रिप पडली म्हणून नळी वाचली. ती थरथर म्हणजे थराची कड वरखाली सरकत होती, भिंत क्षणात ओली क्षणात कोरडी. हीच खूण. बॉयलरमधे ही कड महिनोन् महिने एकाच जागी नाचत राहिली तर धातू थकून चिरा पडतात, शिवाय पाण्यातले क्षार नेमके तिथेच भिंतीवर बसतात. म्हणून काही बॉयलरच्या नळ्यांना आतून पीळ पाडलेले असतात, पाणी फिरत वर जातं, भिंतीकडे फेकलं जातं आणि थर जास्त उंचीपर्यंत टिकतो.

तर शब्द. पाणी आहे पण पृष्ठभागाला ओल नाही, याला मराठीत 'कोरड' म्हणतात. घशाला कोरड पडते तेव्हा अंगातलं पाणी संपलेलं नसतं! 'नळीला सातव्या मीटरला कोरड पडली' हे वाक्य वाचून कोणाचाही गैरसमज होणार नाही. आलेखावर टाकायला 'कोरड-बिंदू' चालेल, फक्त पुढे कंसात वगैरे काही नको, पहिल्यांदा येईल तिथे 'कोरड, म्हणजे ड्रायआऊट' एवढं लिहा.

एकच जपा. उष्णता फार जास्त आणि वाफ अजून फार कमी अशा ठिकाणीही भिंत उडी मारते, पण तिथे थर संपत नाही, उलट भिंतीवर बुडबुड्यांची इतकी दाटी होते की त्यांचीच चादर बनते आणि भरपूर पाणी चादरीपलीकडे अडकून राहतं. त्याला डीएनबी म्हणतात. दाबाच्या पाण्याच्या अणुभट्टीत धास्ती याची, आणि उकळत्या पाण्याच्या भट्टीत, म्हणजे आपल्या तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन युनिटसारख्या, धास्ती कोरडीची (तिथे पाणी तापलेल्या कांड्यांच्या बाहेरून वाहतं, नळी उलटी केल्यासारखं, पण थराचा हिशोब तोच). जुन्या इंग्रजी पुस्तकांत दोन्हींना सरसकट बर्नआऊट म्हटलेलं सापडेल, त्याचं 'जळणे' करू नका. डीएनबीला मी 'वाफेची चादर' म्हणतो, याहून बरा शब्द सुचला तर मलाही कळवा.