धनत्रयोदशीच्या जाहिरातीत शुद्धता आणि परतखरेदी कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या पेढीवर धनत्रयोदशीला सोन्याची नाणी आणि चांदीची भांडी आहेत. सावध गिऱ्हाइकाला पटेल असा मजकूर कसा लिहू?

उत्तर: ‘शंभर टक्के शुद्ध’ असे लिहू नका, नाण्यावर ९९९ आणि भांड्यावर ९२५ यांपैकी जो अंक खरोखर कोरलेला असेल, तोच छापा. परतखरेदीचे वचन मात्र आकड्यांतच द्यावे, कारण नंतरचा वाद नेहमी तिथेच होतो. समजा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि ५ ग्रॅमच्या नाण्यावर ५०० रुपये घडणावळ आहे. ३ टक्के जीएसटीसह गिऱ्हाईक ५२,०१५ रुपये देते, आणि त्याच भावाने २ टक्के घट धरून परत केल्यास त्याला ४९,००० रुपये मिळतात. हा फरक आधीच सांगणारी पेढी मला अधिक विश्वासार्ह वाटते. मजकूर असा ठेवा:

‘९९९ शुद्धतेचे सीलबंद नाणे. मूळ पावतीसह आणा, त्या दिवशीच्या भावाने २ टक्के घट वजा करून परत घेऊ. घडणावळ व कर परत मिळणार नाही.’

सील फुटल्यास शुद्धता तपासूनच घेणार असाल, तर तेही याच आकाराच्या अक्षरांत लिहा. भांड्यांची घट वेगळी असल्यास तिची ओळ स्वतंत्र द्या.