अकाउंट बंद झालं, पण हिशोब कुठे आहे?

"12 मार्चला कांदिवलीच्या ब्रँचमध्ये माझं सहा वर्षांचं जुनं सॅलरी अकाउंट बंद करायचा फॉर्म दिला. तेव्हा पासबुकात 41,860 होते. 27 मार्चला दुसऱ्या अकाउंटला 37,187.30 आले. लेटरमध्ये फक्त लिहिलंय की सर्व देणी वजा करून खातं बंद केलं. मधे 15 तारखेला सोसायटीचे 2,000 पण कापले गेले, आणि आता फ्रिजचा ईएमआय बाउन्स झालाय. ब्रँचवाले म्हणतात, मॅडम तुम्ही 'यापुढे कोणताही दावा नाही' यावर सही केलीय, आता काही होणार नाही. खरंच माझा हक्क संपला का?"

नमस्कार ताई, नाही संपला. पण आधी फ्रिजचा ईएमआय आजच्या आज यूपीआयने किंवा फायनान्स कंपनीच्या ॲपवरून भरा आणि पावती जपून ठेवा, कारण बँकेकडून पैसे यायला वेळ लागला तरी चालेल पण हप्ता जितका लांबेल तितकी त्याची नोंद सिबिलला वाईट होत जाते. ते का आणि पुढे त्याचं काय करायचं ते शेवटी लिहितो, आधी सहीचं बघू कारण तुम्हाला घाबरवलंय ते त्या सहीनेच.

तुम्ही पाठवलेला फॉर्मचा फोटो नीट बघितला. 'यापुढे दावा नाही' ही ओळ छापीलच आहे, तिच्याखाली सही 12 मार्चची, आणि चार्जेस कापले गेले 27 मार्चला. म्हणजे सही केली त्या दिवशी किती कापणार हा आकडाच अस्तित्वात नव्हता, मग तुम्ही तो मान्य केला कसा? सुप्रीम कोर्टाने 1999 साली अजमेर सिंग कॉटनच्या केसमध्ये, ती इन्शुरन्सची होती, म्हटलं की नुसत्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे पूर्ण मिळाले असं लिहिलेल्या कागदावर, सही केली म्हणून ग्राहकाची तक्रार बंद होत नाही, पण ती सही फसवणुकीने, चुकीची माहिती देऊन किंवा दबावाखाली घेतली हे ग्राहकाने दाखवायला हवं. तुमच्याकडे दाखवायला दोन तारखा आहेत, आणि आकडाच समोर न ठेवता सही घेतली हे त्यातनं आपोआप दिसतं. म्हणून त्या फॉर्मची झेरॉक्स, म्हणजे ब्रँचचा शिक्का असलेली कॉपी, तुमच्याकडे नसेल तर आधी ती मागून घ्या.

आता पैशांचं. 41,860 वजा 37,187.30 म्हणजे 4,672.70 चा फरक. त्यातले 2,000 सोसायटीला गेलेत आणि ते खरोखर पोचलेत, मेंटेनन्सची पावती तुम्ही जोडली आहे, त्यामुळे ते नुकसान नाही, त्यावर भांडू नका. फक्त एक लक्षात घ्या की सोसायटीचं अकाउंट त्याच बँकेत आहे म्हणून ती स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेच्या आतलीच होती, आणि क्लोजरचा अर्ज हातात असताना 15 तारखेला ती चालली याचा अर्थ फॉर्म तीन दिवस नुसता पडून होता. तक्रारीत हे एका वाक्यात लिहा. आणि एप्रिलपासून मेंटेनन्स आपोआप जाणार नाही हे विसरू नका, सोसायटी थकबाकीवर व्याज लावते.

उरले 2,672.70. ब्रँचने तोंडी सांगितलेले आकडे तुम्ही टिपून घेतलेत हे फार बरं केलंत, कारण लेटरमध्ये एकही आकडा नाहीये. मिनिमम बॅलन्सचे 1,770, डेबिट कार्डचे 295, एसएमएसचे 17.70 आणि क्लोजर चार्ज 590, सगळे 18 टक्के जीएसटीसकट. बेरीज बरोबर जुळते, म्हणजे अजून काही लपलेलं नाही.

यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कच्चा आकडा म्हणजे ते 1,770. नोकरी सुटली, पगार यायचा थांबला, बँकेने अकाउंट साध्या सेव्हिंग्जमध्ये टाकलं आणि 10,000 च्या सरासरी बॅलन्सची अट लागू झाली, इथपर्यंत बँकांमध्ये नेहमी होतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तुमची सरासरी 6,200 होती, म्हणजे दर महिन्याला 3,800 कमी. त्यांनी महिन्याला सरळ 500 लावले, तीन महिन्यांचे 1,500 अधिक जीएसटी 270. पण आरबीआयच्या नोव्हेंबर 2014 च्या सर्क्युलरप्रमाणे, जे 1 एप्रिल 2015 पासून लागू झालं, हा दंड जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात लावायचा असतो, सरसकट नाही. आणि तुम्हीच पाठवलेल्या बँकेच्या चार्जेसच्या तक्त्यात लिहिलंय की 'कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के किंवा 500, जे कमी असेल ते'. 3,800 चे 6 टक्के होतात 228. तीन महिन्यांचे 684, जीएसटी धरून 807.12. म्हणजे त्यांच्याच तक्त्याने 962.88 जास्त कापले.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. त्याच सर्क्युलरमध्ये आहे की बॅलन्स कमी पडला तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, की एका महिन्याच्या आत भरा नाहीतर दंड लागेल. तुम्ही म्हणता की असा एकही मेसेज आला नाही. मग पत्रात 'मेसेज आला नाही' एवढंच लिहून थांबू नका, तर विचारा की कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर, काय मजकूर पाठवला त्याचा रेकॉर्ड द्या, आणि अकाउंटचा प्रकार बदलला तेव्हा कसं कळवलं तेही विचारा. नोटीस दाखवता आली नाही तर पूर्ण 1,770 परत मागा, दाखवली तर निदान 962.88. दोन्ही मागण्या एकाच पत्रात, एकीखाली दुसरी, असं चालतं.

क्लोजर चार्ज 590 तर सरळ चूक आहे, तक्त्यात 14 दिवस ते एक वर्ष यासाठीच 500 आहेत आणि वर्षानंतर शून्य, तुमचं अकाउंट सहा वर्षांचं. तक्ता मात्र 27 मार्चला लागू असलेलाच लावा, वेबसाइटवर तो बदलत राहतो. कार्डाची वार्षिक फी मे महिन्यात लागते, ती पुढच्या वर्षाची फी मार्चमध्ये बंद होणाऱ्या कार्डावर कशाची, हे 295 पण मागा. एसएमएसचे 17.70 सोडून द्या, प्रत्यक्ष किती मेसेज आले त्यावर तो चार्ज असतो आणि मेसेज येत होते हे तुम्हीच लिहिलंय. एक चुकीची मागणी घातली की बाकीच्या खऱ्या मागण्यांवरही शंका घेतात.

आता जे कापलं त्याच्याकडे सगळे बघतात पण जे दिलंच नाही त्याच्याकडे कोणी बघत नाही. व्याज! सेव्हिंग्जचं व्याज 2010 पासून रोजच्या बॅलन्सवर मोजलं जातं, जमा मात्र तिमाहीला होतं. तुम्हाला शेवटचं व्याज 31 डिसेंबरला मिळालं, त्यानंतर 1 जानेवारीपासून तुमच्या अकाउंटला 41,860 आणि 15 मार्चनंतर 39,860 होते, 26 मार्चपर्यंत 85 दिवस. अडीच टक्क्यांनी हे साधारण 242 रुपये होतात. तिमाही संपायच्या चार दिवस आधी अकाउंट बंद झालं म्हणून मधल्या दिवसांचं व्याज बुडत नाही, ते क्लोजरच्या रकमेतच यायला हवं होतं आणि त्या 37,187.30 मध्ये ते नाहीये, बेरीज करून बघा.

म्हणजे मागणी झाली 1,770 अधिक 590 अधिक 295 अधिक 242, एकूण 2,897 रुपये. पत्र ब्रँच मॅनेजरच्या नावाने, रजिस्टर्ड ईमेलवरून पण पाठवा आणि ब्रँचमध्ये नेऊन पोच पण घ्या, आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय निघू नका. सोबत 1 ऑक्टोबर ते 27 मार्चचं शिक्क्याचं स्टेटमेंट मागा. अकाउंट बंद झालं की नेटबँकिंग बंद होतं आणि काउंटरवर सांगतात की आता स्टेटमेंट निघत नाही, तर तसं नसतं, मनी लाँडरिंगच्या कायद्याने बँकेला रेकॉर्ड पाच वर्षं ठेवावंच लागतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर, फी काही नाही. तिथे मात्र तक्रार तुमच्याच नावाने तुम्हीच टाका, वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत, त्यामुळे मी सही करून उपयोग नाही. आणि उशीर करू नका, तिथेही मुदत असते. ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षं उघडा आहे, पण 2,897 साठी मी आधी लोकपालच धरेन, आणि दोन्हीकडे एकदम जाऊ नका कारण आयोगात केस असेल तर लोकपाल हात लावत नाही.

आता ईएमआयचं. सोसायटीवाली सूचना बँकेच्या आतली होती म्हणून अकाउंटबरोबर ती संपली. फ्रिजची तशी नाहीये, ती नॅचची आहे, म्हणजे एका बँकेतून दुसरीकडे हप्ता आपोआप वसूल करायच्या यंत्रणेतली, आणि तिचं मँडेट, म्हणजे पैसे कापायची तुमची परवानगी, फायनान्स कंपनीच्या बाजूने नोंदवलेलं असतं, त्यामुळे तुमच्या बँकेने 'सर्व सूचना रद्द' असं लिहून दिलं तरी कंपनी पुढच्या महिन्यात पुन्हा तोच जुना अकाउंट नंबर मारते आणि पुन्हा 'अकाउंट क्लोज्ड' म्हणून परत येतं, दर वेळी बाउन्स चार्ज वेगळा. म्हणून कंपनीला लेखी कळवा की खातं बंद झालंय, नवीन अकाउंटवर मँडेट करून घ्या आणि जुनं रद्द करा. मँडेटचा एक यूएमआरएन नंबर असतो, जुन्या स्टेटमेंटमध्ये किंवा लोनच्या ॲपमध्ये सापडेल, रद्द केल्याच्या उत्तरात तोच नंबर आहे ना ते ताडून बघा. नवीन मँडेट चालू होईपर्यंत हप्ता हाताने भरत राहा.

आणि लोन घेताना कंपनीला त्या अकाउंटचे सह्या केलेले चेक दिले होते का, ते आठवा. दिले असतील तर हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. अकाउंट बंद म्हणून चेक परत आला तरी तो चेक बाउन्सच्या गुन्ह्याच्या कलम 138 मध्ये बसतो, सुप्रीम कोर्टाने एनईपीसी मायकॉनच्या निकालात 1999 लाच हे स्पष्ट केलं, तेव्हा 'अकाउंटच नव्हतं' हा बचाव होत नाही. नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. बँकेत परत दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर क्लोजरच्या पोचपावतीवर आहेत, ते चेकबुकच्या नोंदींशी लावून बघा, जे नंबर तिथेही नाहीत आणि वटलेलेही नाहीत तेच बाहेर कोणाकडे तरी आहेत. ते फायनान्स कंपनीकडे असतील तर नंबर टाकून लेखी परत मागा, आणि त्या पत्राची पण पोच घ्या.