दह्याचा कप, दुधाची बाटली आणि लेबलावरची साखर

प्रश्न : फ्रूट योगर्ट गोड असले तरी शेवटी दहीच ना? प्रथिने आणि फळ दोन्ही मिळतात, मग हरकत काय?

दही आहे हे खरे, पण कपातले सगळे दही नव्हे. १०० ग्रॅमच्या कपात साखर आणि फळाचे मिश्रण मिळून पंधरा-वीस ग्रॅम जागा अडवतात, त्यामुळे दुधाची पावडर घालून भरपाई केलेली नसेल तर प्रथिने साध्या दह्यापेक्षा थोडी कमीच भरतात. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, फ्रूट योगर्टमध्ये बहुधा तीनच्या आसपास. फळाविषयीची समजूत मात्र मला खरोखर खटकते. झाकणावर आंब्याची रसरशीत फोड छापलेली असते आणि मागे घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत ‘आंब्याचा गर ६ टक्के’ असे लिहिलेले असते. म्हणजे त्या कपात गर सहा ग्रॅम, जेमतेम एक चमचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तेव्हा साखरेचे नाव फळाच्या आधी आले असेल तर आपण पैसे कशाचे मोजतो आहोत ते उघडच आहे. असा कप म्हणजे पातळ केलेले आम्रखंड. आम्रखंड आपण सणावारी खातो आणि त्याला औषधी मानत नाही.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाला फ्रूट योगर्ट चालेल का?

नाही, साधे ताजे दही थोडे थोडे देता येते, दोन वर्षांपर्यंत साखर घालू नये, आणि बाळाला दुधाची ॲलर्जी असल्याची शंका असेल तर दहीसुद्धा बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावे.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी साधे दूध पीत नाही, म्हणून शाळेत रोज २०० मिलीची सुगंधी दुधाची बाटली देते. लेबलावर १०० मिलीला साखर १३ ग्रॅम आणि प्रथिने ३.२ ग्रॅम आहेत. दुकानदार म्हणतो की ती दुधाचीच साखर असते.

हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा येतो की या वेळी सविस्तर लिहिते. दुकानदाराचे म्हणणे एक तृतीयांशाहून थोडेसेच अधिक खरे आहे. दुधात लॅक्टोज नावाची स्वतःची साखर असते, १०० मिलीला सुमारे पाच ग्रॅम. तुमच्या बाटलीत १३ आहेत, म्हणजे उरलेले आठ ग्रॅम वरून घातलेले. लेबलावरचे आकडे १०० मिलीचे असतात आणि मुलगी बाटली पिते २०० मिलीची, हे इथे बहुतेकजण विसरतात. आठ दुणे सोळा ग्रॅम, म्हणजे चहाच्या छोट्या चमच्याने सपाट चार चमचे साखर. घरी दुधाच्या पेल्यात तिला चार चमचे साखर घालताना तुमचा हात थांबला असता. बाटलीत ती दिसत नाही, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशी वरची साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत. नऊ वर्षांच्या मुलीची गरज साधारण १७०० कॅलरी धरली तर पाच टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. त्यातले सोळा मधल्या सुट्टीतच संपले. बिस्किटे, जॅम आणि संध्याकाळचे गोड दूध यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

प्रथिनांबाबत मात्र बाटलीवर अन्याय करणार नाही. २०० मिलीला साडेसहा ग्रॅमच्या जवळपास प्रथिने मिळतात, ती साध्या दुधाइतकीच, आणि कॅल्शियमही मिळते. पण काही बाटल्यांवर ‘दूध’ न लिहिता ‘दुधाचे पेय’ अशा अर्थाचे काही लिहिलेले असते आणि प्रथिने १०० मिलीला तीन ग्रॅमच्या बरीच खाली असतात. तिथे पाणी वाढवले आहे असे समजा. देशात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी दाखवावी लागते, तेव्हा ती दुसरी ओळ शोधा. ती सापडली नाही तर एकूण साखरेतून पाच वजा करा. योगर्ट असेल तर चार, कारण विरजण लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आंबवून टाकतात.

एकदम बंद करू नका. मुलगी दूधच सोडून देईल. एका आठवड्यात बाटली अर्धी आणि अर्धे साधे गार दूध असे मिसळून द्या, मग साध्या दुधाचे प्रमाण वाढवत न्या. दूध मुळीच नको असेल तर मीठ-जिऱ्याचे दाट ताक किंवा दहीभात चालतो. तिचे वजन आणि उंची वयाच्या मानाने मागे किंवा वजन बरेच पुढे असेल तर डॉक्टरांकडे तक्ता काढून घ्या. पत्रावरून मला ते सांगता येणार नाही.

प्रश्न : जिममध्ये सांगतात की ग्रीक योगर्टमध्ये दुप्पट प्रथिने असतात. महाग आहे, घ्यावे का?

साधे, बिनसाखरेचे असेल तर आकडा खरा आहे, पण ती प्रथिने कुठून वाढत नाहीत, पाणी निघून जाते. अर्धा किलो दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चार-सहा तास निथळत ठेवले की निम्म्याहून थोडा कमी चक्का मिळतो आणि त्यात १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिने येतात. निवळीबरोबर थोडे कॅल्शियम जाते, म्हणून ती कणीक भिजवायला वापरा. फळांच्या चवीचे ग्रीक योगर्ट घेणार असाल तर वरचा हिशेब पुन्हा करा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी क्रिएटिनिनचा अहवाल डॉक्टरांना दाखवा, जिमच्या प्रशिक्षकाला नव्हे.

प्रश्न : मला मधुमेह आहे. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेले योगर्ट बिनधास्त खाता येईल ना?

‘बिनधास्त’ हा शब्द वगळा. कपात फळांच्या रसाचा आटवलेला अर्क, मध किंवा खजुराचा पाक असेल, तर रक्तातल्या साखरेला त्यांचे नाव वाचता येत नाही. कृत्रिम गोडी असेल तर साखर वाढत नाही, पण लॅक्टोज उरतेच. जेवणात एक वाटी साधे दही बहुतेकांना सोसते. तुम्हाला सोसते का, हे जेवणानंतर दोन तासांनी तपासून पाहा आणि तो आकडा घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : दूध प्यायले की पोट फुगते, जुलाब होतात. सहा महिने झाले, वजन चार किलोने घटले. शेजारच्या काकूंनी महागडे प्रोबायोटिक योगर्ट सुचवले आहे. ते घेऊ की घरचे दही?

लॅक्टोज न पचणाऱ्यांना दूध बाधते आणि दही बरेचदा चालते, कारण दह्यातले जिवाणू ती साखर फोडायला मदत करतात. त्यासाठी महाग कप लागत नाही. शिवाय जिवाणूचे नेमके नाव आणि त्यांची संख्या लेबलावर नसेल तर ‘प्रोबायोटिक’ ही नुसती जाहिरात समजा. परंतु आपोआप चार किलो वजन घटणे हे लॅक्टोजच्या नावावर खपवू नका. सहा महिने वाया गेले आहेत. याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे जा, आणि शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप येत असेल तर आजच जा.

प्रश्न : घरच्या दह्यात साखर घालून खाल्ली तर ते योगर्टसारखेच झाले ना?

दीडशे ग्रॅमच्या वाटीत एक सपाट चमचा साखर घातलीत तर चार ग्रॅम होतात आणि त्याच मापाच्या योगर्टमध्ये बहुधा पंधरा, तेव्हा नाही. फक्त साखर चमच्याने घाला, डब्यातून ओतू नका.