हजार झाले, आता काय बोलायचं?

राहुल, तुमच्या भजनांच्या चॅनेलचे हजार सबस्क्राइबर झाले, त्यासाठीची तुझी आभाराची स्क्रिप्ट वाचली. पहिल्याच ओळीत 'आम्ही हजारांचा टप्पा गाठला' आहे, ती काढ. गाठलं म्हटलं की लढाई जिंकल्यासारखं वाटतं. 'सिद्धरामेश्वरांनी या कार्यासाठी आम्हाला निवडलं' ही ओळही नको. नम्र वाटते खरी, पण ती आडून केलेली स्वतःची स्तुतीच आहे!

आभार नेमके मान. पालखीच्या भजनात तुझा शब्द चुकला होता, तो कमेंटमध्ये एका आजोबांनी दुरुस्त केला. त्यांच्यापासून सुरू कर. असं बोल:

"नमस्कार. आता आपण हजार जण एकत्र ऐकतो. एका आजोबांनी आमचा चुकलेला शब्द सांगितला, म्हणून ते भजन पुन्हा रेकॉर्ड केलं. पेटीवाल्या काकांनी रात्री दहापर्यंत थांबून साथ दिली. भजनं आमची नाहीत, संतांची आहेत. चुकलं तर सांगत राहा. हर्र बोला हर्र!"

एवढंच. सावकाश बोललास तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास होईल. शेवटी 'शेअर करा, बेल दाबा' जोडू नकोस, नाहीतर आभार मागणीची प्रस्तावना वाटतात. आकडा एकदाच घे, थंबनेलवर तर नकोच. तिथे गड्डा यात्रेच्या वेळचा नंदीध्वजांचा तुझाच फोटो लाव. आणि आजोबांना आधी विचार, उल्लेख चालेल का म्हणून.